सापळे वीस, सापळे आठ: मित्रकीटकांच्या प्रजाती मोजताना

काही वर्षांपूर्वी कापसाच्या एका शेतीशाळेत मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते, की चवळीचे पट्टे घेतलेल्या शेतात जमिनीवरील परभक्षी कीटकांच्या प्रजाती शेजारच्या निव्वळ कापसाच्या शेतापेक्षा कितीतरी अधिक आढळल्या. मागच्या रांगेतील एका शेतकऱ्याने विचारले, “साहेब, खड्डे दोन्हीकडे सारखेच केले होते का?” सारखे नव्हते. निव्वळ कापसाच्या शेतातले बरेचसे सापळे पावसाने बुजले होते आणि काही कुत्र्यांनी उपसून टाकले होते. मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. तो प्रश्न मात्र माझ्या सांख्यिकीच्या सगळ्या प्रशिक्षणापेक्षा नेमका होता.

आपल्या प्रात्यक्षिकांच्या अहवालांत ‘अमुक पद्धतीच्या शेतात २४ प्रजाती, प्रचलित पद्धतीच्या शेतात १७’ या धर्तीचे वाक्य आजही सर्रास दिसते. सापळे किती होते, ते किती दिवस ठेवले होते आणि एकूण कीटक किती सापडले, याचा त्या वाक्यात पत्ता नसतो. माझे स्पष्ट मत असे, की ही माहिती सोबत नसेल तर असे वाक्य छापू नये. कारण प्रजातींची संख्या ही हेक्टरी उत्पादनासारखी नाही. उत्पादनाला क्षेत्रफळाने भागले की दोन शेतांची तुलना होऊ शकते. प्रजातींच्या संख्येला सापळ्यांच्या संख्येने भागले, तर हाती येणारा आकडा उघडच चुकीचा असतो.

का चुकीचा, ते एका उदाहरणाने पाहू. माझ्या त्या प्रकल्पाचे मूळ आकडे या कामाला उपयोगी पडत नाहीत, त्याचे कारण पुढे येईलच. म्हणून हिशेब समजावा एवढ्यासाठी आकडे मी योजून घेतले आहेत. चवळीचे पट्टे असलेल्या शेतात २० खड्डा सापळे टिकले. त्यांत २०० परभक्षी सापडले आणि ते २४ प्रजातींचे निघाले. निव्वळ कापसाच्या शेतात ८ सापळे टिकले. त्यांत ६० परभक्षी आणि १७ प्रजाती. (कोळी हा शास्त्रीय अर्थाने कीटक नव्हे, परंतु येथे भुंगेरे, मुंग्या आणि कोळी यांना सोयीसाठी एकत्रच धरले आहे.) आता सापळ्यामागे प्रजाती काढल्या, तर चवळीच्या शेतात १.२ आणि निव्वळ कापसात २.१ येतात. म्हणजे सरळ आकडा चवळीच्या बाजूने बोलतो, तर भागाकार कापसाच्या बाजूने. दोन्ही एकाच नोंदवहीतून निघाले आहेत आणि दोन्ही दिशाभूल करणारे आहेत.

घरातली मिश्र कडधान्याची पिशवी डोळ्यांसमोर आणावी. हरभरा भरपूर, तूर बेताची, मटकी थोडी, आणि कुठे चार-दोन दाणे वाल, राजमा, चवळीचे. पहिल्या मुठीत हरभरा, तूर आणि मटकी येऊन जातात. दुसऱ्या मुठीत पुन्हा तेच दाणे येतात, आणि नशिबाने एखादा वालाचा दाणा. दहाव्या मुठीपर्यंत नवे काही मिळणे दुर्मीळ होते. आडव्या अक्षावर काढलेले दाणे आणि उभ्या अक्षावर तोवर दिसलेले प्रकार मांडले, तर रेषा आधी झपाट्याने चढते आणि मग हळूहळू आडवी होऊ लागते. यालाच प्रजाती-संचय वक्र म्हणतात. आपल्या उदाहरणातील चवळीच्या शेताचा वक्र पाहावा. त्या २०० परभक्षींपैकी कोणतेही १०० उचलले, तर सरासरीने सुमारे १९ प्रजाती मिळतात. उरलेल्या १०० मुळे केवळ पाचच वाढतात. श्रम दुप्पट झाले म्हणून प्रजाती दुप्पट होत नाहीत. त्यामुळेच भागाकार फसतो.

हा प्रश्न जुना आहे. मलायात फुलपाखरे गोळा करणाऱ्या कॉर्बेट यांच्या संग्रहात ११८ प्रजातींचे प्रत्येकी एकच फुलपाखरू होते, ७४ प्रजातींची दोन-दोन आणि ४४ प्रजातींची तीन-तीन. आणखी तेवढाच काळ गोळा करत राहिलो असतो तर किती नव्या प्रजाती मिळाल्या असत्या, हा त्यांचा प्रश्न संख्याशास्त्रज्ञ फिशर यांच्यापर्यंत पोहोचला. सुमारे ७५, असे त्याचे उत्तर निघाले. फिशर, कॉर्बेट आणि विल्यम्स यांचा तो निबंध १९४३ साली प्रसिद्ध झाला. एकदाच सापडलेल्या प्रजातींत न सापडलेल्यांची चाहूल असते, हे त्या कामातून दिसले. त्याकडे आपण पुढे परत येऊ.

आपल्याला मात्र पुढचे भाकीत नको, तुलना हवी आहे. म्हणून वक्रावर उलट, मागे यायचे. चवळीच्या शेतात २०० ऐवजी ६० च परभक्षी सापडले असते तर किती प्रजाती दिसल्या असत्या? त्या २०० मधून डोळे मिटून ६० उचलायचे, प्रजाती मोजायच्या, सगळे परत टाकून पुन्हा ६० उचलायचे. असे हजार वेळा करून सरासरी काढायची. या रीतीला विरलीकरण म्हणतात. सागरतळाच्या जीवांचा अभ्यास करणाऱ्या सँडर्स यांनी १९६८ मध्ये ती मांडली. त्यांचे गणित प्रजाती जास्त दाखवत होते, ते १९७१ मध्ये हर्लबर्ट यांनी दुरुस्त केले. त्या सूत्रामुळे हजार वेळा उचलण्याची गरज उरत नाही, सरासरी थेट मिळते.

सूत्रामागील विचार अवघड नाही. एखाद्या प्रजातीचा २०० मध्ये एकच परभक्षी असेल, तर ६० च्या निवडीतून तो सुटण्याची शक्यता २०० पैकी १४०, म्हणजे ७० टक्के. दोन असतील तर दोघेही सुटण्याची शक्यता सुमारे ४९ टक्के. पाच असतील तर सुमारे १६ टक्के, आणि वीस असतील तर जवळपास शून्य. चवळीच्या शेतात एकेकच सापडलेल्या प्रजाती ८ होत्या. त्यांपैकी सरासरी ५.६ सुटणार. दोन-दोन सापडलेल्या ४ होत्या. त्यांतील जवळजवळ २ सुटणार. बाकीच्यांची बेरीज दीडच्या आत राहते. एकूण ९ सुटल्या, उरल्या १५.

६० परभक्षींच्या समान पायावर, म्हणजे, चवळीच्या शेतात १५ प्रजाती आणि निव्वळ कापसात १७. चोवीसची आघाडी गेली. येथे दुसऱ्या टोकाची घाई करून ‘निव्वळ कापसातच विविधता अधिक’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. त्या १५ भोवती निवडीच्या योगायोगाने सुमारे २ चा चढउतार असतोच, आणि १७ त्या पट्ट्यातच बसतात. शिवाय ते १७ सुद्धा आठच सापळ्यांचे. दुसरे आठ लावले असते तर आकडा थोडा वेगळा आला असता. या आकड्यांवरून दोन शेतांत फरक दिसत नाही, एवढेच म्हणता येते. अहवालात हे वाक्य लिहायला जड जाते, हे मला ठाऊक आहे.

एका मुद्द्यावर मात्र चवळीच्या शेताची बाजू घ्यायला हवी. तेथे सापळ्यामागे १० परभक्षी सापडले, कापसात ७.५. विरलीकरण करताना आपण दोन्हीकडे ६०-६० धरले आणि हा फरक पुसून टाकला. ‘तितक्याच परभक्षींत किती प्रकार?’ हा एक प्रश्न झाला. ‘तितक्याच जमिनीवर किती प्रकार?’ हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नासाठी चवळीच्या शेताची तुलना ८ सापळ्यांवर, म्हणजे सुमारे ८० परभक्षींवर करायला हवी. तेच सूत्र वापरले तर तेथे १७ प्रजाती येतात. म्हणजे समान जमिनीवर १७ विरुद्ध १७. अळी खाणारे किती जण आपल्या सरीत फिरत आहेत, याच्याशी शेतकऱ्याला मतलब असतो. त्याच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक कामाचा, आणि परभक्षींची नुसती संख्या कदाचित त्याहूनही कामाची. संशोधकाला पहिला प्रश्न जवळचा वाटतो. कोणता प्रश्न विचारला आहे हे अहवालात एका वाक्यात लिहिले, तर निम्मे वाद मिटतील.

आता त्या मूळ आकड्यांची गोष्ट. वरच्या हिशेबात एक गृहीतक चोरपावलांनी आले आहे: दोनशे परभक्षी पिशवीतल्या दाण्यांसारखे नीट मिसळलेले आहेत. शेतात तसे नसते. एखादा सापळा मुंग्यांच्या वारुळाजवळ पडला, की त्या एकाच सापळ्यात एकाच प्रजातीच्या पन्नास मुंग्या येतात. वरच्या उदाहरणात सर्वांत विपुल प्रजातीचे ६५ नमुने आहेत; त्यांतले पन्नास एकाच खड्ड्यातले असू शकतात. कागदावर डोळे मिटून ८० परभक्षी उचलताना आपण वीसही सापळ्यांतून थोडेथोडे उचलतो, म्हणजे शेतभर फिरून येतो. प्रत्यक्षात आठ सापळे आठच जागा पाहतात. त्यामुळे जीव जितके पुंजक्यांनी राहतात, तितके हे गणित प्रजाती वाढवून सांगते. चवळीच्या शेतातील खऱ्या आठ सापळ्यांत सरासरीने १७ पेक्षा कमीच प्रजाती मिळतील.

यावर उपाय साधा आहे. परभक्षी न उचलता सापळेच उचलायचे. वीस सापळ्यांतून यादृच्छिक आठ निवडायचे, त्यांतील एकूण प्रजाती मोजायच्या आणि हे शेकडो वेळा करून सरासरी घ्यायची. पुंजके तेव्हा आपोआप हिशेबात येतात. समान परभक्षींवरची तुलना हवी असेल, तर हाच सापळ्यांचा वक्र काढून आडव्या अक्षावर सापळ्यांऐवजी त्यांत जमलेल्या परभक्षींची संख्या लिहायची. मात्र त्यासाठी प्रत्येक सापळ्याची नोंद वेगळी असावी लागते. आमच्या प्रकल्पात ती नव्हती. बाटल्या कमी पडल्या म्हणून प्रत्येक शेतातले सगळे सापळे एकेका मोठ्या बरणीत ओतले गेले. मदतनिसांना मी तसे करू नका असे सांगितले नव्हते, तेव्हा दोष माझाच. प्रयोगशाळेत आठवडाभर सूक्ष्मदर्शकाखाली बसून आम्ही त्या बरण्यांतली प्रजातींची यादी पूर्ण केली. पण कोणता भुंगेरा कोणत्या खड्ड्यातला, हे कोणालाही सांगता येईना. त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची वाट त्या बरणीतच बंद झाली होती.

कृषी सहायकांना माझी एवढीच विनंती आहे, की एका सापळ्याला एक बाटली द्यावी. आत ७० टक्के अल्कोहोल, आणि अल्कोहोलमध्येच बुडवलेली कागदाची चिठ्ठी. तिच्यावर शेत, सापळा क्रमांक, लावल्याची व काढल्याची तारीख शिसपेन्सिलीने लिहिलेली असावी. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी पिशवीत गळून पडते. बुजलेल्या सापळ्याची नोंदही ‘बुजला’ अशीच करावी, ‘शून्य’ अशी नव्हे. शून्य म्हणजे सापळा चालू होता आणि काही पडले नाही. दोहोंचा अर्थ अगदी निराळा आहे.

आता एकदाच सापडलेल्या प्रजातींकडे. नोंदवही ‘स्वच्छ’ करताना त्यांना खोडण्याची आपल्याकडे सवय आहे: एकच मिळाला, वाट चुकून आला असेल. या खोडण्याने सर्वाधिक नुकसान होते. चवळीच्या शेतात २०० पैकी ८ परभक्षी असे एकटे होते. त्यावरून अंदाज निघतो, की यानंतर पडणारा परभक्षी नव्या प्रजातीचा असण्याची शक्यता सुमारे ८ भागिले २००, म्हणजे ४ टक्के. निव्वळ कापसात असे एकटे ७ होते असे धरू. तेथे ती शक्यता ७ भागिले ६०, जवळपास १२ टक्के. पहिला वक्र आडवा होत आला आहे, दुसरा अजून चढतो आहे. आकृती न काढताही एवढे कळते, आणि २४ विरुद्ध १७ ही तुलना अपुऱ्या चित्राशी होत होती हेही कळते. एकटे खोडले की दोन्ही शक्यता शून्य होतात आणि दोन्ही शेते पूर्ण पाहून झाल्याचा आभास निर्माण होतो.

याच एकट्या-दुकट्या प्रजातींवरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधण्याचे सूत्र ॲन चाओ यांनी १९८४ मध्ये दिले. एकट्यांच्या संख्येचा वर्ग घेऊन त्याला दुकट्यांच्या दुपटीने भागायचे आणि भागाकार सापडलेल्या प्रजातींत मिळवायचा. चवळीच्या शेतात ६४ भागिले ८, म्हणजे ८. अंदाज ३२ प्रजातींचा. कापसात दुकट्या ३ धरल्या तर ४९ भागिले ६, म्हणजे सुमारे ८. अंदाज २५ चा. हे आकडे पाहताच ३२ विरुद्ध २५ असे शीर्षक द्यायचा मोह होतो. तो टाळावा. हा अंदाज किमान मर्यादेचा आहे, आणि नमुना लहान असेल तेव्हा ती मर्यादा खऱ्या संख्येच्या बरीच खाली राहू शकते. साठ परभक्षींवरून काढलेले २५ आणि दोनशेंवरून काढलेले ३२ पुन्हा त्याच विषम पायावर उभे आहेत. वक्र पुढे वाढवायचाच असेल, तर हाती असलेल्या नमुन्याच्या दुपटीपलीकडे जाऊ नये. त्यापुढे आकडा निघतो, पण विश्वासार्ह राहत नाही.

विरलीकरण काय दुरुस्त करू शकत नाही, तेही सांगायला हवे. एका शेतात खड्डा सापळे आणि दुसऱ्यात पिवळे पाण्याचे सापळे असतील, तर हे गणित निरुपयोगी आहे. पहिल्यात चालणारे पडतात, दुसऱ्यात उडणारे. एका शेताची पाहणी पेरणीनंतर महिनाभराने आणि दुसऱ्याची बोंडे भरताना झाली असेल, तरी तेच. खड्ड्याच्या तोंडाचा व्यास वेगळा असेल, तरीही तुलना डळमळते. आणि ओळख पटवणारी माणसे दोन असतील तर विशेष जपावे. एकाने लहान कोळी वेगळी प्रजाती धरली आणि दुसऱ्याने त्याच प्रजातीचे पिल्लू धरले, की जो फरक दिसतो तो शेतातला नसून त्या दोघांतला असतो. दोन्ही शेतांच्या बाटल्या एकाच व्यक्तीने, शक्य तर शेताचे नाव न पाहता, तपासाव्यात.

वरचा हिशेब स्वतः पडताळायचा असेल, तर आर या मोफत संगणक प्रणालीत चार ओळी पुरतात. पहिल्या यादीत चवळीच्या शेतातील २४ प्रजातींचे आकडे आहेत. उत्तरे अनुक्रमे १५ आणि १७ च्या आसपास येतात, सोबत चढउतारही.

```
library(vegan)
a <- c(65,40,20,15,10,8,6,5,5,4,3,3,2,2,2,2,rep(1,8))
rarefy(a, 60, se = TRUE)
rarefy(a, 80, se = TRUE)
```

सापळानिहाय तक्ता असेल, म्हणजे प्रत्येक ओळ एक सापळा आणि प्रत्येक स्तंभ एक प्रजाती, तर `specaccum` ही आज्ञा सापळ्यांचा वक्र काढून देते.

अहवालांना एकच ठसठशीत आकडा लागतो, शेतकऱ्यांपुढे वक्र काढून दाखवता येत नाहीत, असा आक्षेप सहकारी घेतात. माझा अनुभव वेगळा आहे. कडधान्याची पिशवी घेऊन गेलो, एकाला मूठ आणि दुसऱ्याला ओंजळ भरायला सांगितले, आणि ओंजळवाल्याचे प्रकार जास्त निघाले म्हणून त्याची पिशवी चांगली का, असे विचारले, तर कुणालाही आणखी समजावून सांगावे लागत नाही. अडतो तो आमचा अहवाल. तेथे एका ओळीत चालू राहिलेले सापळे, दिवस, एकूण परभक्षी, एकूण प्रजाती, एकदाच सापडलेल्या प्रजाती आणि समान सापळ्यांवरची प्रजातींची संख्या तिच्या चढउतारासह द्यावी. सहा रकाने होतात. बाटल्यांसाठी पैसे अपुरे असतील, तर प्रत्येक शेतात वीसऐवजी बारा सापळे लावावेत, आणि बारा बाटल्या न्याव्यात.